तिन्हीवर सारखी

माझ्या धुळ्याच्या छापखान्यात खिडकीला लागून एक टेबल आहे. त्यावर जाड काच आहे आणि त्या काचेवर मी कुणाला चहाचा कप ठेवू देत नाही. नवं लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि पाकीट छापायला आलं की त्याचे नमुने आधी या काचेवर शेजारी शेजारी मांडायचे, खिडकीच्या उजेडात बघायचे, आणि माझं समाधान झालं तरच प्लेट काढायची, असा माझा नियम आहे. माझ्या माहेरी असोद्याला पाहुणे मुलगी बघायला यायचे, तेव्हा तिला चालायला लावायचे, बोलायला लावायचे. तशीच मी कागदाची तपासणी करते, असं आमचे मशीनवाले काका गिऱ्हाइकांना सांगतात. ते मला आवडत नाही, पण खोटंही नाही.

मी त्या कागदांना खरंच चालवते, बोलवते. लेटरहेडची तिघडी घालून बघते, घडी नेमकी कुठे पडते ते. त्यावर बॉलपेननं सही करते, शिक्का मारते, शाई पसरते का बघते. त्याची झेरॉक्स काढते, कारण आपल्याकडे मूळ कागद एक माणूस वाचतो आणि त्याची झेरॉक्स दहा माणसं वाचतात. कार्ड खिशातल्या पैशांच्या पाकिटात घालून ठेवते आणि ज्याचा चष्मा घरी राहिलाय अशा माणसाला वाचायला देते. सगळ्यात शेवटी पाकीट टपालातून आल्यासारखं हातात धरते, आतला कागद एका बाजूला झटकते आणि दुसऱ्या बाजूनं फाडते. पाकीट शेवटी फाडलंच जाणार असतं, तर ते कुठून फाटतं हे छापण्याआधी कळलेलं बरं. लोक म्हणतात, आता पत्रं कोण लिहितं, सगळं मोबाईलवर चालतं. मी म्हणते, मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात. माझा स्वभाव असाच आहे, त्याला इलाज नाही.

त्या दिवशी आबा आणि त्यांचा मुलगा आले, तेव्हा दुपारचं ऊन काचेवर आलेलं होतं. आबांचं गाव धुळ्यापासून फार लांब नाही, तिथं बाजारपेठेत त्यांचं पंप, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं सगळं आमच्याकडेच होत आलेलं, त्यामुळे घरोबा होता. आबांच्या पत्नी वर्षभरापूर्वी वारल्या, तेव्हा मी भेटायलाही गेले होते. आता मुलाला एका मोठ्या कंपनीची एजन्सी मिळायची होती. कंपनीनं अर्ज लेटरहेडवर मागितला होता, आणि दुकान बघायला माणसं येणार होती. मुलगा शिकलेला, हुशार, त्यानं पुण्यातल्या मित्राकडून तिन्हीचं डिझाइन करून आणलं होतं. त्यानं प्रिंट काढलेले नमुने आबांच्या कापडी पिशवीत होते.

आबांनी पिशवीतून ते काढून काचेवर ठेवले, तसा मुलाचा चेहरा पडला. त्याला हे माहीत नव्हतं हे उघड दिसत होतं. तिन्ही नमुन्यांवर आबांनी आपल्या पत्नीचा पासपोर्ट फोटो डिंकानं चिकटवला होता. लेटरहेडवर डाव्या कोपऱ्यात, पाकिटावरही डाव्या कोपऱ्यात, आणि कार्डावरही डाव्या कोपऱ्यात. कार्ड ते केवढं, त्यावर पासपोर्ट फोटो म्हणजे निम्मं कार्ड फोटोनंच झाकलं होतं. दुकानाचं अर्धं नाव आणि दोन्ही मोबाईल नंबर बाईंच्या पदराखाली गेले होते.

"ताई, तुम्ही सांगतस ना, तिन्ही सारखं पायजे," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "मी बरोबर सारखीच लावेल शे. देखा."

हे मीच सांगितलेलं होतं. बिलबुकाच्या वेळी कधीतरी मी त्यांना ऐकवलं होतं की दुकानाचा कागद कुठलाही असो, लांबून बघितला तरी एकाच घरचा वाटला पाहिजे. आबांनी ते लक्षात ठेवून तीन एकसारखे फोटो काढून आणले होते आणि तिन्हीकडे पट्टीनं मोजून एकाच अंतरावर चिकटवले होते. मला हसू आलं, पण हसवेना. मी पाणी मागवलं.

"आबा, आपलं काय ठरलं होतं?" मुलगा हळू आवाजात म्हणाला.

"तुनं ठरेल व्हतं," आबा म्हणाले.

भांडण माझ्या काचेवर नको म्हणून मी सरळ तपासणीला हात घातला. आधी मुलाच्या डिझाइनकडे वळले, कारण फोटोनं न झाकलेला त्याचा भाग तरी दिसत होता. दिसायला ते झकास होतं. पाण्याचा थेंब आणि त्यात पान, निळ्यातून हिरव्यात विरघळत जाणारा रंग, खाली कागदाच्या अगदी कडेपर्यंत गेलेला निळा पट्टा. स्क्रीनवर असलं काही बघितलं की माणूस भुलतोच, मीही घटकाभर भुलले. मग चष्मा लावला.

थेंबातला तो विरघळणारा रंग पाकिटाच्या साध्या कागदावर डागासारखा दिसला असता. कार्डावर पत्ता निळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत होता आणि अक्षरं इतकी बारीक की शाई जरा जास्त लागली की ती बुजून जाणार. लेटरहेडवर मधोमध फिकट पान होतं. मी झेरॉक्स काढली, तर ते पान करडा ढग होऊन मजकुरावर पसरलं आणि त्यावर मारलेला शिक्का वाचता येईना. पट्ट्याचं तर सगळ्यात वाईट. आमच्या मशीनला कागद पकडायला कड मोकळी लागते, त्यामुळे कडेपर्यंत रंग हवा असेल तर मोठ्या कागदावर छापून नंतर कापावं लागतं. लेटरहेड कापता येतं, कार्ड कापता येतं. पण तयार पाकीट कसं कापणार? म्हणजे दोघांना पट्टा आणि तिसऱ्याला नाही, किंवा असला तर कडेला पांढरी किनार सोडून. शिवाय पाकिटाचं मापच भलतं होतं, तसलं इथल्या बाजारात तयार मिळत नाही. आणि पिनकोड कार्डावर होता, लेटरहेडवर होता, पाकिटावर मात्र नव्हता. जिथं पोस्टमनला तो लागतो, तिथंच तो विसरला होता.

मी हे सगळं एका दमात बोलले. बोलताना माझा आवाज चढतो, हे मला कळतं, पण तोवर चढून गेलेला असतो. मुलगा बिचारा ऐकत होता. आबांना मात्र हळूहळू उमेद यायला लागली होती. ते खुर्चीत ताठ बसले.

"मंग फोटोच बरा," ते म्हणाले.

"आबा, फोटोची पाळी आता येईल," मी म्हटलं.

फोटोबद्दल नुसतं बोलून भागणार नव्हतं. बाई कोण होत्या, हे मला ठाऊक होतं. आबा पंप बसवायला गावोगाव हिंडायचे तेव्हा दुकान त्या सांभाळायच्या. पाइपाचा इंच आणि कपलिंगचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, आणि कपाळावर मेण लावून त्यावर रुपयाएवढं कुंकू. ते लावल्याशिवाय त्या शटरला हात लावायच्या नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा त्यांनी मला गुळाचा चहा पाजला होता आणि माझ्या बिलबुकातला एक आकडा सरळ छापला नाही म्हणून मला झापलंही होतं. मला झापणारी माणसं थोडी, म्हणून ती लक्षात राहतात.

"दुकान तिनी मांडं," आबा मुलाकडे न बघता मला म्हणाले. "मी फक्त फिरू. गल्ला तिना हातमा व्हता. आते नवा कागद, नवी एजन्सी, नी ती कोठेच नही. लोकेसले कसं समजी?"

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मग तो एकदम म्हणाला, "ताई, मला तो फोटो नको असं नाही. पण रोज कोटेशन काढताना, रोज बिल पाठवताना आईकडे बघत बसायचं? माझ्यानं होणार नाही ते." आणि तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. बाप-लेकात हे पहिल्यांदाच बोललं जात होतं, असं मला वाटलं. दोघांनाही ती हवी होती, आणि दोघांची ती हवी असण्याची तऱ्हा वेगळी होती. आता मी कुणाची बाजू घ्यावी?

मी बाजू घेतली नाही, काम चालू ठेवलं. माझी ती जुनी पळवाट आहे. लेटरहेडची तिघडी घातली, तर घडी फोटोच्या खालून गेली, तिथं काही अडलं नाही. ते पाकिटात सरकवलं. मग सवयीनं पाकीट उचललं, आतला कागद उजवीकडे झटकला आणि डावी कड फाडायला बोटं लावली.

बोटांखाली बाईंचा फोटो होता. डावी कड फाडायची म्हणजे त्यांच्या कानाजवळून फाडत जावं लागणार होतं.

"फाडू नका," आबा म्हणाले.

मी पाकीट खाली ठेवलं. आबांनी पाकीट ओढून घेतलं, त्यावरून हात फिरवला आणि तो डिंकाचा सुटलेला कोपरा नखानं दाबून बसवला.

"बठ्ठाच फाडतीस?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हटलं. "फाडतात आणि टाकतात. पत्र ठेवतात, कार्ड ठेवतात. पाकीट कुणी ठेवत नाही, आबा."

आबांनी पाकीट काचेवर ठेवलं. मग म्हणाले, पाकिटावर नको. आणि लगेच त्याच दमात म्हणाले, पाकिटावर नाही तर मग कशावरच नको, कारण तिन्ही सारखं पाहिजे. ते माझ्याच शब्दांत मला बांधत होते. मुलाला हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल, अशी माझी समजूत होती. पण तो म्हणाला, "असं नका करू आबा, लेटरहेडवर ठेवू आपण." आता तोच वडलांच्या बाजूनं बोलायला लागला होता. आबा मान हलवून नाही म्हणत राहिले. आता तर मला दोघांचाही राग यायला लागला होता, कारण दोघेही दुसऱ्यासाठी आपलं सोडायला निघाले होते आणि त्यातून छापण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

मी म्हटलं, "एक करू. नुसत्या काळ्या शाईत फोटोची एक चाचणी काढते. तीन मापं, तीन कागद. बघू काय होतं, मग ठरवू." असलं काम मी कुणासाठी करत नाही. काकांनी माझ्याकडे भुवया वर करून पाहिलं, पण प्लेट लावली.

दोन दिवसांनी दोघे पुन्हा आले. मी तिन्ही चाचण्या काचेवर मांडून ठेवल्या होत्या. कार्डाचा गुळगुळीत कागद, त्यावर फोटो बरा उठला होता. लेटरहेडच्या कागदावर जरा जड झाला होता, कारण तो कागद शाई पितो, आणि फोटो छापताना जे बारीक ठिपके असतात ते फुगून एकमेकांना मिळतात. पाकिटावर तर विचारू नका. त्याचा कागद आणखी हलका, फोटो लहान केलेला, त्यात पाकिटाच्या मागच्या जोडाची जाडी नेमकी चेहऱ्याखाली आली होती, तिथं आडवा पट्टा उमटला होता. डोळे गेले, ओठ गेले, पदर आणि केस मिळून एक काळा डाग झाला होता. हे असंच होणार हे मला माहीत होतं, आणि मला ते आबांना दाखवायचं जिवावर आलं होतं.

आबांनी आधी कार्ड बघितलं, मग लेटरहेड. मग पाकीट उचलून डोळ्यांपासून लांब धरलं. मी त्यांना भिंग दिलं, त्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी ते तसंच हातभर लांब धरून ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"चेहरा गया," ते म्हणाले. "पण देखा, हाई तिच शे."

मला कळेना. मी पाकीट त्यांच्या हातून घेतलं आणि तसंच लांब धरलं. त्या काळ्या डागात कपाळाची एक पांढरी जागा उरली होती, आणि तिच्या मधोमध एक गोल ठिपका. सगळं बुजलं होतं, कुंकू तेवढं शाबूत होतं. ओळखीचं माणूस लांबून चालत येताना चेहरा दिसायच्या आधीच ओळखू येतं, तसं ते झालं. मुलानं बघितलं आणि तो पटकन बाहेर जाऊन नळावर तोंड धुवून आला.

मी काही हुशारी केली नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. आबांना जे दिसलं ते मला आधी दिसलं नव्हतं. मी फक्त त्यानंतर कागदावर पेन्सिलीनं दुकानाचं नाव लिहिलं आणि त्याच्या वर, बरोबर मधोमध, एक भरीव गोल काढला. बाकी काही नाही. थेंब नाही, पान नाही, पट्टा नाही. आबा आणि मुलगा दोघांनी तो कागद एकदम ओढायला हात पुढे केला.

छपाईच्या नजरेनं तो गोल म्हणजे सोन्यासारखं काम होतं, आणि मी सुखावले ते त्यामुळेही. भरीव गोलात फुगायला ठिपकेच नाहीत. तो लेटरहेडवर मोठा, पाकिटावर मध्यम, कार्डावर हरभऱ्याएवढा करता येतो आणि तिन्हीकडे तोच राहतो. पाकिटावर तो डावीकडे नावाबरोबर घेतला, पण कडेपासून इतका आत की फाडताना बोट तिथवर पोचू नये आणि जोडही त्याच्याखाली येऊ नये. दोनच शाया, अक्षरांची काळी आणि गोलाची लाल, म्हणजे एकेक कागद मशीनमधून दोनदा काढायचा. गोल नावाला कुठे चिकटलेला नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी कागद केसभर हलला तरी कुणाला दिसणार नाही. झेरॉक्समध्ये तो काळा होतो, पण गोलच राहतो. फक्त त्याचं आणि नावाचं अंतर तिन्हीकडे त्या त्या मापात सारखं पाहिजे, एवढं मी काकांना बजावून सांगितलं. गोलाएवढंच अंतर खाली सोडायचं, मग तो कितीही लहान असो.

"लोक विचारतील, हे काय चिन्ह आहे," मुलगा म्हणाला. त्याची हरकत नव्हती, तो नुसता विचारत होता.

"इचारू दे," आबा म्हणाले. "मी सांगसू."

मग प्रश्न आला लाल कोणता. लाल म्हटलं की लोकांना एकच लाल आठवतो, आणि शाईच्या डब्यांत ते कितीतरी असतात. मी रंगांच्या नमुनापट्ट्यांचा पंखा उघडून आबांपुढे धरला. त्यांनी तो मिटवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाईंचा करंडा घेऊन आले. पितळी, आतून लाल झालेला, झाकणाला केसाएवढी चीर. त्यात मेणाची डबी अजून होती. मी चिमूटभर कुंकू घेऊन तिन्ही कागदांवर बोटानं लावलं आणि काकांनी सुरीनं शाई कालवायला घेतली.

कालवताना आबा स्टुलावर बसून बोलत होते. शेवटच्या महिन्यात दवाखान्यात बाईंचा हात उचलत नव्हता, तेव्हा रोज सकाळी आबा त्यांना कुंकू लावायचे. आधी मेण, मग कुंकू. "माले गोल जमे नही," ते म्हणाले. "कधी आथं, कधी तथं. ती आरसा मांगे, नी देखीसन हसे. म्हणे, दुकान चालाडस नी एक गोल येत नही." हे सांगताना तेही हसले. मी हसले नाही. मी सुरी काकांच्या हातून घेतली आणि स्वतः कालवायला लागले, कारण मला हाताला काहीतरी काम हवं होतं.

एकाच शाईनं तिन्ही छापले की तिन्ही वेगळे दिसतात, हे सांगून कुणाला पटत नाही. लेटरहेडच्या कागदात शाई मुरली आणि लाल मळकट झाला. कार्डाच्या गुळगुळीत कागदावर तीच शाई वर राहिली आणि भडक दिसली, त्यावर मॅट लॅमिनेशन चढवल्यावर तिचा तोरा जरा उतरला, तरी जुळेना. म्हणून लेटरहेड आणि पाकिटाच्या कागदासाठी थोडा उजळ लाल कालवला आणि कार्डासाठी त्यात काळ्याचा अगदी एक थेंब टाकला. छापून, वाळवून, पुन्हा काचेवर. खिडकीत बघायचं, मग ट्यूबलाइटखाली बघायचं. तीनदा तसं झालं. काका वैतागले, म्हणाले, "बाई, एजन्सीवाले काय कुंकू बघायला येणार आहेत का?" मी म्हटलं, "नसतील येत. पण ते घरच्यांना दिसेल." चौथ्या वेळी तिन्ही गोल शेजारी ठेवून मी डोळे बारीक केले आणि मला ते एकाच कपाळावरचे वाटले. मी तशीच घरी गेले आणि त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

गठ्ठे न्यायला बाप-लेक एकत्र आले. मी दोरी सोडून वरचा एकेक नमुना काचेवर मांडला. लेटरहेडवर दुकानाचं नाव, पत्ता, या वेळी तिन्हीकडे तोच आणि पिनकोडसकट, आणि नावावर तो गोल. पांढऱ्या कागदावर एवढंच. मुलानं कार्ड खिशात टाकलं, पुन्हा काढून पाहिलं, पुन्हा टाकलं. एजन्सीचा अर्ज तो त्याच संध्याकाळी लिहिणार होता.

शेवटची चाचणी उरली होती. शाई पक्की वाळली की नाही बघायला मी छापलेल्या रंगावर अंगठा जोरानं घासते, म्हणजे पुढे गिऱ्हाइकाच्या प्रिंटरमध्ये कागद तापल्यावर तो पसरेल का ते कळतं. अंगठा उचलला, गोलापर्यंत नेला, आणि मला तो खाली टेकवता येईना. एवढ्या वर्षांत माझं असं कधी झालं नव्हतं. आबांनी माझ्याकडे बघितलं. माझी ही सवय त्यांना बिलबुकांपासून माहीत होती.

त्यांनी लेटरहेड आपल्याकडे ओढून घेतलं. उजव्या हाताचा अंगठा धोतराला पुसला, गोलावर ठेवला आणि आधी हळू, मग जरा दाबून घासला. मग अंगठा उजेडात धरून निरखून पाहिला. तो कोरडा होता.

"निघत नही," ते मुलाला म्हणाले. आणि पुन्हा एकदा कागदाकडे बघून म्हणाले, "नी गोल बी शे."